तिहींपैकी निदान एक

‘निदान एक तरी’ हे शब्द आपल्या बोलण्यात फार वेळा येतात. येत्या तीन दिवसांत निदान एक दिवस तरी पाऊस पडेल, तीन ठिकाणी अर्ज केला आहे तेव्हा निदान एकीकडून तरी बोलावणे येईल, तीन पंप बसविले आहेत तेव्हा निदान एक तरी चालू राहील, असे आपण म्हणतो. या बोलण्यामागे एक हिशेब असतो. परंतु तो क्वचितच कोणी मांडून पाहतो. मांडून पाहिला म्हणजे पहिल्याच पावलाला ठेच लागते. समजा, येत्या तिन्ही दिवसांपैकी प्रत्येक दिवशी पाऊस पडण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे. मग निदान एक दिवस पाऊस पडण्याची शक्यता किती? सरळ मनुष्य सरळ बेरीज करतो आणि त्याच्या हाती शंभरात एकशेवीस असे उत्तर येते. शंभरात एकशेवीस ही कोणत्याही गोष्टीची शक्यता असू शकत नाही. कोठेतरी काहीतरी दोनदा मोजले गेले आहे हे उघड आहे. काय दोनदा मोजले गेले, ते कसे वजा करावयाचे, आणि वजा करूनही कोठे फसगत होते, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

संभाव्यता हा शब्द जरा वेळ बाजूला ठेवू या आणि माणसे मोजू या. एखाद्या गावी तीन दिवसांची व्याख्यानमाला आहे आणि तिचे २०० वर्गणीदार आहेत अशी कल्पना करा. दाराशी बसलेल्या चिटणिसांनी रोजची हजेरी लिहून ठेवली आहे. पहिल्या दिवशी ११० वर्गणीदार आले, दुसऱ्या दिवशी ९० आले, तिसऱ्या दिवशी ७० आले. आता मंडळाच्या अध्यक्षांना जाणून घ्यावयाचे आहे की, निदान एका व्याख्यानाला आलेले वर्गणीदार किती. तिन्ही दिवसांची बेरीज २७० होते आणि वर्गणीदार तर अवघे २००. याचा अर्थ एवढाच की, जो दोन दिवस आला तो या बेरजेत दोनदा शिरला आहे आणि जो तिन्ही दिवस आला तो तीनदा शिरला आहे.

म्हणून चिटणिसांनी हजेरीपट पुन्हा चाळला. पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही दिवशी आलेले ५० निघाले, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी आलेले ३५, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी आलेले ३०. तिन्ही दिवस न चुकता आलेले २० निघाले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. पहिल्या दोन दिवशी आलेले ५० असे म्हटले म्हणजे त्यांत तिसऱ्या दिवशीही आलेले ते २० धरलेले आहेत. ‘पहिले दोनच दिवस आलेले’ ही निराळी मंडळी. ती ५० नव्हेत, ३० आहेत. या ‘च’मुळे पुष्कळ हिशेब बिघडतात. कोणी आकडे दिले तर ते ‘च’सह आहेत की ‘च’विना, हे आधी विचारून घ्यावे.

आता हिशेब पुढे चालवू. २७० मधून जोडीजोडीचे आकडे वजा करू. ५०, ३५ आणि ३० मिळून ११५ होतात. ते गेले म्हणजे १५५ उरतात. हेच उत्तर म्हणावे काय? तिन्ही दिवस आलेल्या एका गृहस्थांचे काय झाले ते पाहा. पहिल्या बेरजेत ते तीनदा मोजले गेले. मग वजाबाकीत पहिल्या जोडीत त्यांचे नाव एकदा वजा झाले, दुसऱ्या जोडीत एकदा, तिसऱ्या जोडीत एकदा. तीनांतून तीन गेले, शून्य उरले! सर्वांत नियमित श्रोता हिशेबातून पार नाहीसा झाला. त्याला परत आत घेतले पाहिजे, म्हणून तिन्ही दिवसांचे २० मिळवावयाचे. १५५ आणि २० मिळून १७५. निदान एका व्याख्यानाला आलेले वर्गणीदार १७५; एकदाही न आलेले २५.

या रीतीला समावेश-वर्जनाची रीत असे नाव आहे, आणि नाव सार्थ आहे. आधी सर्वांना आत घ्यावयाचे, मग जोड्या बाहेर काढावयाच्या, मग तिन्हींत सामाईक असलेल्यांना पुन्हा आत घ्यावयाचे. ही रीत बरोबर कशावरून? प्रत्येक माणसाला विचारावे की, ‘तुम्ही शेवटी किती वेळा मोजले गेलात?’ एकच दिवस आलेला सांगेल, ‘एकदा, मला कोणी वजा केलेच नाही.’ दोन दिवस आलेला सांगेल, ‘दोनदा घेतले, एकदा काढले, म्हणून एकदा.’ तिन्ही दिवस आलेला सांगेल, ‘तीनदा घेतले, तीनदा काढले, पुन्हा एकदा घेतले, म्हणून एकदा.’ प्रत्येकजण बरोबर एकदाच मोजला जातो. यापलीकडे निराळा पुरावा नको.

संभाव्यतेकडे वळण्यास आता एक पाऊलही पुरे आहे. या २०० वर्गणीदारांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून एका मडक्यात घातली आणि डोळे मिटून एक चिठ्ठी काढली, तर ती निदान एका व्याख्यानाला आलेल्याची असण्याची संभाव्यता १७५ भागिले २००, म्हणजे ७/८. वरील प्रत्येक आकड्याला २०० ने भागले की तोच हिशेब संभाव्यतेचा होतो. तीन घटनांना अ, ब, क अशी नावे दिली तर नियम असा: निदान एक घडण्याची संभाव्यता म्हणजे तिघींच्या संभाव्यतांची बेरीज, त्यांतून ‘अ आणि ब’, ‘अ आणि क’, ‘ब आणि क’ या जोड्यांच्या संभाव्यता वजा, आणि त्यांत ‘अ, ब आणि क’ तिन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता अधिक. ही रीत जुनी आहे. आब्राम द म्वाव्र या गणितज्ञाने १७१८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या संभाव्यतेवरील ग्रंथात तिचा उपयोग केलेला आढळतो.

परंतु नियम पाठ असणे निराळे आणि तो डोळ्यांपुढे उभा राहणे निराळे. तो डोळ्यांपुढे उभा करण्याचे साधन जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने दिले. व्हेन (१८३४–१९२३) हे केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात अध्यापक होते, आणि १८८० साली त्यांनी एका निबंधात आपल्या आकृत्या मांडल्या. वर्तुळे काढून तर्क समजावून देण्याची कल्पना त्यांच्या आधीची आहे. थोर गणितज्ञ ऑयलर यांनी एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत तशी वर्तुळे वापरली होती आणि ती पत्रे १७६८ पासून छापून निघाली. मात्र दोघांच्या रीतींत महत्त्वाचा फरक आहे. ऑयलरची वर्तुळे जसे संबंध असतील तशी काढावयाची: दोन वर्गांत काही सामाईक नसेल तर वर्तुळे वेगळी ठेवावयाची. व्हेन म्हणाले, आधी सर्व शक्यतांना जागा करून द्या, मग कोणती जागा रिकामी आहे ते पाहा. म्हणून त्यांची तीन वर्तुळे नेहमीच एकमेकांना छेदतात.

वाचकांनी हाताशी कागद घेऊन ही आकृती काढावी. एक चौकट काढा. ती म्हणजे सर्व २०० वर्गणीदार. तिच्या आत तीन वर्तुळे अशी काढा की, प्रत्येक वर्तुळ दुसऱ्या दोहोंना छेदील आणि मधोमध तिन्हींचा एक सामाईक तुकडा राहील. आत सात तुकडे पडतात आणि वर्तुळांबाहेरचा आठवा. आठच का? प्रत्येक वर्गणीदाराबद्दल तीन दिवसांचे तीन प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर ‘आला’ किंवा ‘नाही आला’. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ प्रकारची माणसे, आणि प्रत्येक प्रकाराला एक घर.

ही घरे भरावयाची ती आतून बाहेर. मधल्या घरात २० लिहा. मग पहिल्या व दुसऱ्या वर्तुळांच्या सामाईक पट्ट्यात एकूण ५० हवेत. त्यांपैकी २० मध्ये बसलेच आहेत, म्हणून उरलेल्या घरात ३०. त्याचप्रमाणे पहिल्या व तिसऱ्याच्या घरात १५, दुसऱ्या व तिसऱ्याच्या घरात १०. आता पहिल्या वर्तुळात एकूण ११०. त्यांतून २०, ३० आणि १५ गेले म्हणजे फक्त पहिल्याच दिवशी आलेले ४५. त्याच रीतीने फक्त दुसऱ्या दिवशी ३० आणि फक्त तिसऱ्या दिवशी २५. सात घरांची बेरीज करा: २०, ३०, १५, १०, ४५, ३० आणि २५ मिळून १७५. नियमाने आलेले उत्तर आकृतीनेही आले.

मग एवढा खटाटोप करून आकृती काढावयाची कशाला, नियमानेच भागते की, असे कोणी म्हणेल. नियमाला जे दिसत नाही ते आकृतीला दिसते, हे त्याचे उत्तर आहे. समजा, दुसऱ्या एका गावच्या चिटणिसांनी असा हजेरीपट पाठविला: वर्गणीदार २००, रोजची हजेरी तीच, ११०, ९० आणि ७०, पहिल्या व दुसऱ्या दिवशी आलेले ७०, पहिल्या व तिसऱ्या दिवशी आलेले ५०, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी आलेले २०, आणि तिन्ही दिवस आलेले ५. नियम लावा. २७० उणे १४०, अधिक ५, म्हणजे १३५. उत्तर शून्याहून मोठे आहे, २०० हून लहान आहे. कोठेही खटकत नाही. आता घरे भरा. मध्ये ५, पहिल्या व दुसऱ्याच्या घरात ६५, पहिल्या व तिसऱ्याच्या घरात ४५. ही तीनच घरे मिळून ११५ झाली, आणि पहिल्या दिवशीची एकूण हजेरी तर ११०! म्हणजे ‘फक्त पहिल्याच दिवशी आलेले’ उणे पाच. उणे पाच माणसे कोणत्याही सभागृहात बसत नाहीत. हजेरीपट चुकला आहे हे निश्चित झाले, आणि तेही कोणाला साक्षीला न बोलावता. कोणत्याही पाहणीचे असे सात आकडे पुढे आले म्हणजे आठही घरे भरून पाहावीत. एखादे घर उणे निघाले तर ती पाहणी तशीच स्वीकारू नये. मात्र सर्व घरे अधिक निघाली म्हणजे आकडे खरे आहेत असे सिद्ध होत नाही. ते एकमेकांशी भांडत नाहीत एवढेच ठरते.

आता पहिल्या गावाकडे परत येऊ. समजा, चिटणिसांनी जोड्या मोजल्या, पण तिन्ही दिवस आलेले मोजावयाचे राहून गेले. मग उत्तर मुळीच सांगता येणार नाही काय? अगदीच तसे नाही. मधल्या घरातील अज्ञात संख्या कितीही असो, उत्तर १५५ अधिक ती संख्या हे ठरलेले आहे. ती शून्याहून कमी नाही, आणि सर्वांत लहान जोडी ३० ची असल्यामुळे ३० हून अधिकही नाही. म्हणून निदान एकदा आलेले वर्गणीदार १५५ आणि १८५ यांच्या दरम्यान आहेत. हे अर्धे ज्ञान आहे, पण प्रामाणिक आहे. जोड्यांचीही माहिती नसेल तर मात्र पल्ला फारच रुंदावतो. आरंभीच्या पावसाचे उदाहरण घ्या. प्रत्येक दिवसाची शक्यता शंभरात चाळीस एवढेच ठाऊक असेल, तर निदान एक दिवस पावसाची शक्यता चाळीसही असू शकेल आणि शंभरही असू शकेल. तिन्ही वर्तुळे एकावर एक तंतोतंत बसली, म्हणजे पाऊस आला तर तिन्ही दिवस आणि नाही तर एकही दिवस नाही, तर चाळीस. वर्तुळे शक्य तितकी दूर पसरली तर ती सारी चौकट व्यापतील. नुसत्या तीन आकड्यांवरून याहून अधिक काही सांगता येत नाही.

तरीही लोक सांगतात, आणि कसे सांगतात हे पाहण्यासारखे आहे. ते जोड्यांची माहिती मिळविण्याऐवजी गुणाकार करतात. तीन फासे टाकले तर निदान एका फाशावर सहा पडण्याची संभाव्यता काढताना हा गुणाकार रास्त आहे. एका फाशाला सहा पडण्याची संभाव्यता १/६, विशिष्ट दोन फाशांना १/३६, तिन्हींना १/२१६. नियमाप्रमाणे १/२ उणे ३/३६ अधिक १/२१६, म्हणजे ९१/२१६, शंभरात सुमारे ४२. येथे गुणाकार चालतो, कारण एका फाशाला दुसऱ्याची वार्ता नसते. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. पावसाला हीच रीत लावली तर शंभरात ७८ च्या जवळपास उत्तर येते. परंतु पाऊस फाशासारखा वागत नाही. तो लागला म्हणजे चार दिवस लागतो आणि उघडला म्हणजे चार दिवस उघडतो. वर्तुळे एकमेकांवर अधिक चढलेली असतात, म्हणून निदान एका दिवसाची खरी शक्यता ७८ हून कमी ठरण्याचा संभव आहे.

पावसाच्या अंदाजात ही चूक झाली तर फार तर छत्री घरी राहील. पण हाच गुणाकार जेथे माणसांच्या जिवाशी गाठ आहे तेथेही केला जातो. तीन इंजिनांच्या विमानाचा विचार करा. नुसते उदाहरण म्हणून असे धरू की, एका प्रवासात एक इंजिन बंद पडण्याची संभाव्यता हजारात एक आहे. इंजिने स्वतंत्र मानली तर तिन्ही बंद पडण्याची संभाव्यता हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे शंभर कोटींत एक. निदान एक इंजिन चालू राहीलच, असे कोणीही निर्धास्तपणे म्हणेल.

५ मे १९८३ रोजी अमेरिकेतील मायामीहून नासाऊकडे ईस्टर्न एअर लाइन्सचे असेच तीन इंजिनांचे लॉकहीड ट्रायस्टार विमान निघाले. विमानात १७२ माणसे होती. नासाऊ जवळ आले असताना मधल्या इंजिनाच्या तेलाचा दाब उतरला, म्हणून चालकांनी ते बंद केले आणि विमान मायामीकडे वळविले. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचे तेलही संपल्याचे काटे दाखवू लागले. तिन्ही इंजिनांचे तेल एकाच वेळी जाणे जवळजवळ अशक्य, तेव्हा काटेच बिघडले असावेत, असे चालकांना वाटले. हा विचार म्हणजे तोच गुणाकार होय. परंतु काटे खरे होते. थोड्याच वेळात ती दोन्ही इंजिने एकामागून एक थांबली आणि विमान समुद्रावर इंजिनावाचून खाली येऊ लागले. शेवटी आधी बंद केलेले मधले इंजिन सुमारे चार हजार फुटांवर पुन्हा सुरू करता आले आणि त्या एकावर विमान मायामीला सुखरूप उतरले. कोणाचा प्राण गेला नाही.

चौकशीत कारण निघाले ते अगदी लहान होते. इंजिनाच्या तेलात धातूचे कण येतात की काय हे पाहण्यासाठी एक चुंबकी बूच असते. ते तपासणीसाठी काढून त्याच्या जागी दुसरे बसवितात आणि तेल गळू नये म्हणून त्यावर रबरी कडी असावी लागते. उड्डाणापूर्वीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांना नवी बुचे बसविली गेली, आणि तिन्हींवर कड्या नव्हत्या. इंजिने तीन होती, पण चूक एकच होती. व्हेनच्या आकृतीत सांगावयाचे तर तीन वर्तुळे त्या दिवसापुरती एकावर एक येऊन बसली होती.

आता आपला नियम या प्रसंगाला लावून पाहा. वर्तुळे तंतोतंत एकावर एक असतील तर तीन संभाव्यतांची बेरीज हजारात तीन, जोड्यांची वजाबाकी हजारात तीन, आणि तिन्हींची मिळवणी हजारात एक. उत्तर हजारात एक. म्हणजे निदान एक इंजिन बिघडण्याची संभाव्यता सुमारे हजारात तीन होती ती उलट कमी झाली, पण तिन्ही बिघडण्याची संभाव्यता शंभर कोटींत एक होती ती हजारात एक झाली, दहा लक्ष पटींनी वाढली. नियम दोन्ही ठिकाणी खराच आहे, कारण तो स्वातंत्र्याचे गृहीत धरीतच नाही. खोटा ठरतो तो गुणाकार, जो आपण जोड्यांच्या जागी मुकाट्याने भरतो. म्हणूनच समुद्रावरून लांब पल्ल्याने जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांबाबत, दोन्ही इंजिनांचे एकच काम एकाच वेळी एकाच माणसाने करू नये, अशी दक्षता आज घेतली जाते. काम वेगवेगळे केले म्हणजे वर्तुळे पुन्हा एकमेकांपासून दूर सरकतात.

तेव्हा गावच्या पाणीपुरवठ्याला तीन पंप आहेत, निदान एक तरी चालेल, असे कोणी सांगितले तर प्रत्येक पंप किती वेळा बिघडतो एवढे विचारून थांबू नये. तिन्ही पंप एकाच विजेच्या तारेवर आहेत काय, एकाच विहिरीतून पाणी ओढतात काय, एकाच दिवशी एकाच कारागिराने उघडले होते काय, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच आकृतीतील मधल्या घराचा आकडा. तो मिळाला नाही तर तो गुणाकाराने भरण्यापेक्षा, वर दाखविल्याप्रमाणे कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके, एवढेच सांगावे आणि घर कोरे ठेवावे.